फक्त मजकूर आणि फोटो

स्वतःची वेबसाइट स्वतः करायला घेतलेला माणूस ओळखणं सोपं असतं. त्याला नुसतं ‘कुठवर आलं?’ असं विचारायचं. तो लगेच म्हणतो, “झालीच आहे. नव्वद टक्के काम झालंय. आता फक्त मजकूर आणि फोटो टाकायचे राहिलेत.” हे तो पहिल्या रविवारी संध्याकाळी म्हणतो, आणि पुढे सहा महिने म्हणत राहतो. कधी तो योगवर्ग चालवणारा असतो, कधी दिवाळीचा फराळ विकणाऱ्या मावशी असतात, कधी नुकती सनद मिळालेला वकील असतो. आमच्या सोसायटीत ते नाना आहेत.

नाना बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. दापोलीच्या पुढे समुद्राकाठी त्यांचं वडिलोपार्जित घर आहे, तिथे धाकटे बंधू अप्पा राहतात. घराच्या मागच्या अंगाला दोघांनी चार खोल्या बांधल्या आणि पर्यटक ठेवायला सुरुवात केली. इतके दिवस सगळं ओळखीपाळखीवर आणि फोनवर चाललं होतं. पण फोन करणारा प्रत्येक जण ‘साइट आहे का?’ असं विचारायला लागल्यावर नानांनी कंबर कसली. मी पोटापाण्यासाठी हेच काम करतो, हे त्यांना माहीत आहे. तरी जिन्यात भेटल्यावर म्हणाले, “तुला नाही त्रास देणार रे. मीच करतोय. त्यात काय आहे एवढं!”

‘त्यात काय आहे एवढं’ हे नानांचं पेटंट वाक्य. मिक्सर उघडताना, गॅलरीला पत्रा घालताना, मुलीच्या लग्नाचा हॉल ठरवताना ते त्यांनी म्हटलेलं आहे. मी विचारलं, “किती दिवस धरलेत?”

“पाडव्याला सुरुवात, अक्षय्य तृतीयेला उद्घाटन.”

“मध्ये जेमतेम महिना आहे, नाना.”

“अरे, महिना म्हणजे चैन झाली. यूट्यूबवर तो पोरगा चाळीस मिनिटांत करतो.”

तो पोरगा चाळीस मिनिटांत करतो हे खरंच आहे. तो बिचारा काही खोटं बोलत नाही. फक्त त्याच्या साइटवर कुणी राहायला येणार नसतं, त्यामुळे खोलीचं भाडं किती हे त्याला कुणाशी ठरवावं लागत नाही.

पहिला टप्पा नानांनी झपाट्याने उरकला. डोमेनचं नाव विकत घ्यायला दहा मिनिटं लागली. ते ठरवायला चार दिवस. आजीच्या नावापुढे ‘वाडी’ लावायचं ठरलं, पण ते इंग्रजीत डब्ल्यूने लिहायचं की व्हीने, यावरून घरात दोन तट पडले. शेवटी काकूंनी निकष घालून दिला: फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता आलं पाहिजे. माझ्या धंद्यातल्या भल्याभल्यांना हे सुचत नाही. मग नानांनी होस्टिंग घेतलं, त्यात एक बटण दाबून वर्डप्रेस चढवलं, फुकटातली एक थीम निवडली, आणि रात्री नऊला मला वर बोलावलं.

पडद्यावर लाकडी केबिन होती, मागे बर्फाच्छादित डोंगर, आणि खिडकीत कॉफीचा मग धरून बसलेली एक सोनेरी केसांची बाई. खाली लॅटिनमध्ये तीन परिच्छेद. थीमबरोबर असा नमुन्याचा माल येतो. तो काढून आपला घालायचा असतो. नाना अभिमानाने म्हणाले, “बघ. झाली की नाही?” काकू सोफ्यावरून म्हणाल्या, “अप्पा भावजींना ही बाई दाखवू नका, उगाच वाट बघतील.”

फसगत होते ती नेमकी इथे. पहिल्याच दिवशी पडद्यावर जे दिसतं ते इतकं पुरं, इतकं घोटीव असतं की काम संपलं असंच कुणालाही वाटावं. खरं तर तेव्हा फक्त रिकामी चौकट उभी राहिलेली असते. पाच पानांची साधी साइट असेल, तर यंत्राशी बसून करायचं एकूण काम नवख्याला दोन-तीन शनिवार-रविवार पुरतं. बाकीचे सगळे आठवडे जातात त्या ‘फक्त’मध्ये.

मी नानांना एक कागद काढायला लावला. मुखपृष्ठ, खोल्या, कसं याल, नियम व दर, आमच्याविषयी. प्रत्येक पानाला दीडशे-दोनशे शब्द धरले, तर एकूण हजार शब्द होतात. नाना हसले. “हजार? अरे, मी बँकेत चाळीस-चाळीस पानांचे अहवाल लिहिलेत. एक संध्याकाळ.”

त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यात आधी ‘आमच्याविषयी’ला हात घातला. हा प्रकारच असा आहे की प्रत्येक जण सुरुवात तिथूनच करतो, कारण तेवढ्या एका पानाला कुणाला काही विचारावं लागत नाही. नानांचा मजकूर पणजोबांपासून सुरू झाला. मग त्यांची आफ्रिकेची बोट, तिथून परत येणं, विहीर खणताना लागलेला कातळ, नारळाची पहिली लागवड. सात पानं झाली तरी आजोबांची मुंज व्हायची होती. पर्यटकांच्या खोल्यांना अजून सत्तर-ऐंशी वर्षं अवकाश होता.

मी म्हटलं, “नाना, हे सुंदर आहे, पण येणाऱ्या माणसाला हवं काय? खाट किती बाय किती? गरम पाणी चोवीस तास की सकाळीच? गाडी दारापर्यंत येते का? समुद्र किती लांब?”

“समुद्र हाकेच्या अंतरावर.”

“कुणाच्या हाकेच्या?”

नानांनी अप्पांना फोन लावला. अप्पा म्हणाले, पाच मिनिटं. अप्पा अनवाणी, कुंपणातल्या फटीतून, शेजाऱ्याच्या पोफळीतून जातात. बॅगा आणि दोन पोरं घेऊन रस्त्याने जाणाऱ्याला ते पंधरा मिनिटांवर पडतं, हे आठवड्याने कळलं. गरम पाण्याचं विचारलं तर अप्पा म्हणाले, “आहे की.” कोणत्या कंपनीची रेंज येते विचारलं तर म्हणाले, “विहिरीपाशी सगळ्यांची येते.” खाटेची मापं घ्यायला त्यांच्याकडे टेप नव्हता, तो सुताराकडे होता आणि सुतार हर्णैला.

तरी ही माहिती होती. विचारली की उशिरा का होईना मिळत होती. पुढे लागलं ते वेगळंच. ‘नियम व दर’ हे पान लिहायला घेतलं आणि लक्षात आलं की लिहायला शब्द नाहीत असं नाही, ठरलेलंच काही नाही. इतकी वर्षं अप्पा माणूस बघून भाडं सांगत. पुण्याचा असला तर एक, मुंबईचा असला तर दुसरं, आईच्या माहेरचा निघाला तर जेवणही फुकट. आता एक आकडा लिहायचा होता, तोही जगाला दिसेल असा. हंगामाचा वेगळा लावायचा का? लहान मुलाचे पैसे कितव्या वर्षापासून? आगाऊ रक्कम किती, आणि आयत्या वेळी कुणी रद्द केलं तर परत किती? या शेवटच्या प्रश्नावर दोन भाऊ आठ दिवस बोलत नव्हते. नानांचं म्हणणं, निम्मी परत करू. अप्पांचं म्हणणं, परत कसली करता, मी कोळणीकडून सुरमई घेऊन ठेवलेली असते.

माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांचंही हेच होतं. मजकूर अडलाय असं ते म्हणतात तेव्हा बहुधा निर्णय अडलेला असतो. तो ओळखायची खूणही ठरलेली आहे. पानावर ‘वाजवी दर’, ‘उत्तम सोय’, ‘निसर्गरम्य परिसर’ असले गुळगुळीत शब्द दिसले की समजावं, याच्या मागे काहीतरी ठरायचं राहिलंय. नानांच्या पानावर दीड महिना ‘दरांसाठी संपर्क साधा’ एवढंच होतं.

अक्षय्य तृतीया आली. नानांनी उद्घाटनाऐवजी आम्हाला आमरस खायला बोलावलं. साइटवर ती बाई अजून कॉफी पीत होती. मधल्या काळात एकदा ती गायबही झाली होती. डॉट कॉमचं नाव घेतलं की पत्ता खरा आहे का हे बघायला एक ईमेल येते, आणि तिच्यातल्या दुव्यावर पंधरा दिवसांत टिचकी मारावी लागते. नाही मारली तर नाव बंद पडतं. नानांनी पत्ता दिला होता निवृत्तीआधीचा, जो आता कुणीच उघडत नाही. सोळाव्या दिवशी पडदा कोरा. नानांनी ‘हॅकिंग’ असा पुकारा केला आणि काकूंना बँकेचे सगळे पासवर्ड बदलायला लावले. पत्ता दुरुस्त केला, नव्याने आलेल्या ईमेलवर टिचकी मारली, आणि संध्याकाळपर्यंत बाई परत आली. पासवर्ड मात्र काकूंना अजून आठवत नाहीत.

मे महिना म्हणजे पर्यटकांचा हंगाम. अप्पांना फोन उचलायला सवड नाही, तिथे मजकूर कोण सांगणार? नानांना एकदम आठवलं की पाच वर्षांपूर्वी एक माहितीपत्रक छापून घेतलं होतं. डीटीपीवाल्याकडून त्याची फाइल मिळवली, मजकूर उचलून साइटवर चिकटवला, आणि पडद्यावर उमटली इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी. मराठी माणसाच्या साइटवर हा प्रसंग हमखास येतो. जुन्या छपाईच्या फाँटमध्ये आत इंग्रजीचीच अक्षरं असतात, वरून त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. फाँट सुटला की मुखवटा गळतो. असा मजकूर युनिकोडमध्ये फिरवून देणारी साधनं आहेत, पण त्यात रफार आणि जोडाक्षरं इकडची तिकडे होतात, म्हणून पुन्हा ओळन् ओळ वाचावी लागते. नानांनी तीही वाट धरली नाही. फोनपुढे बसून माहितीपत्रक मोठ्याने वाचायला लागले, म्हणजे फोन आपोआप लिहून घेईल. काकू आतून विचारायच्या, “कुणाशी बोलताय?” तेही फोनने लिहून घेतलं. ‘कसं याल’ या पानावर खेड स्टेशनच्या पुढे ‘कुणाशी बोलताय’ हे दोन शब्द बरेच दिवस होते.

फोटोंची कथा याहून मोठी आहे.

अप्पांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एका दमात चाळीसेक फोटो पाठवले. नाना खूश. उघडून बघितले तर सगळे उभे, आणि मुखपृष्ठावर लागतो आडवा, रुंदीला निदान १९२० पिक्सेलचा. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना आक्रसून टाकतं, त्यामुळे मोबाइलवर छान दिसणारं अंगण लॅपटॉपवर ताणल्यावर ओल्या वर्तमानपत्रासारखं दिसायला लागलं. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ आकारात येतो. हे अप्पांना समजावून सांगायला नानांना तीन रात्री लागल्या. आणि मूळ फोटो आले तेव्हा नानांनी ते तसेच साइटवर चढवले, एकेक पाच-पाच एमबीचा, मुखपृष्ठावर बारा. इथे पुण्यात ते दिसलेही. अप्पांनी विहिरीपाशी उभं राहून पान उघडलं, तर चहा पिऊन झाला तरी दुसरा फोटो वरून खाली उतरतच होता. रुंदी दोन हजार पिक्सेलच्या आत आणि वजन दोन-तीनशे केबी, एवढं केलं तर डोळ्याला फरक कळत नाही आणि पान चटकन उघडतं. ते काम नानांनी मन लावून केलं. बँकवाल्याला आकडे कमी करायचं काम आवडतं.

पण फोटोंत होतं काय? खोली क्रमांक एकमध्ये खाटेवर टॉवेल वाळत घातलेला. दोनमध्ये आरशात स्वतः अप्पा, बनियनवर. तीनमध्ये भिंतीवर पतपेढीचं कॅलेंडर, तेही मागच्या वर्षीचं. जेवणाचा फोटो होता, पण जेवण अर्धं संपल्यावर आठवण झाल्यामुळे ताटात काटे होते. समुद्राचे एकवीस फोटो होते, सगळे सूर्यास्ताचे. नाना म्हणाले, “हे बघ, निसर्ग!” मी म्हटलं, “नाना, सूर्य सगळ्यांकडे तोच मावळतो. लोकांना बाथरूम बघायचंय.”

ठरलं, पुढच्या रविवारी नानांनी स्वतः जाऊन फोटो काढायचे. त्या रविवारी पाऊस सुरू झाला.

कोकणात पावसाळा म्हणजे चार महिने. पडवीला झापं बांधली, खळ्यावर निळं प्लॅस्टिक आलं, भिंतींना ओल चढली. आत काळोख, बाहेर पागोळ्या. हिरवागार निसर्ग होता, पण घर गोणपाटात गुंडाळल्यासारखं दिसत होतं. मग अप्पा म्हणाले, गणपतीच्या आधी रंग काढायचाच आहे, मग फोटो रंगानंतरच घेऊ. रंगारी गणपतीच्या चार दिवस आधी आला. गणपतीत घरात तीस माणसं. प्रत्येक खोलीत पसरलेल्या गाद्या आणि त्यांवर पत्ते खेळणारे चाकरमानी. गणपती झाल्यावर पितृपक्ष. नाना तसे काही मानत नाहीत, पण ‘उगाच कशाला’ हेही त्यांचं एक वाक्य आहे.

या काळात नानांना कुणी विचारलं की ते शांतपणे म्हणायचे, “साइट तयार आहे. पाऊस थांबायचा अवकाश.” आणि ते काही चूक नव्हतं. ज्यांचा धंदा ऋतूवर चालतो, त्यांनी वेळापत्रकात फोटोचा हंगाम आधी मांडावा. आंबेवाल्याने जानेवारीत साइट करायला घेतली, तर त्याला झाडावरचा आंबा मिळत नाही. मिळतो तो गेल्या वर्षी कुणीतरी काढलेला, कोपऱ्यात तारीख छापलेला. मग माणसं इंटरनेटवरून दुसऱ्याचा फोटो उचलतात. नानांनाही तो मोह झाला होता. काकूंनी विचारलं, “लोक आल्यावर तो माड कुठाय विचारतील, तेव्हा?”

नवरात्रात नाना आणि मी दापोलीला गेलो. सकाळी सातला खोली क्रमांक दोनपासून सुरुवात केली. खिडक्या उघडल्या, ट्यूब बंद केली. मग उपसा सुरू झाला: डासांचं यंत्र, प्लॅस्टिकची खुर्ची, कचऱ्याचा डबा, खाटेखालून डोकावणारी चप्पल, दारामागचा सुतळीचा गुंडा. पलंगपोसाला इस्त्री करायची, म्हणजे काय, हे अप्पांच्या पत्नीला कुणी सांगायचं यावर दोन भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी पलंगपोस खाटेवर ताणून मी आणि नानांनी चार कोपरे गादीखाली खोचले. दाराजवळच्या कोपऱ्यात पाठ टेकायची, फोन आडवा, छातीच्या उंचीवर धरायचा, म्हणजे खोली जशी आहे तशी दिसते. डोक्यावर धरला की ती विहिरीत वाकून बघितल्यासारखी येते. नाना एकेक फोटो काढून लगेच मोठा करून बघत. सहाव्या फोटोत त्यांना स्वतःलाच दिसलं, “अरे, ती वायर!” तिथून त्यांना नजर आली. नवाला ऊन चढून खिडक्या पांढऱ्या फटक यायला लागल्या, तोवर चारही खोल्या, चारही बाथरूम, पडवी आणि वहिनींच्या हातची घावन-चटणी असं सगळं मिळालं होतं. सहा महिने ज्यासाठी अडलं होतं ते काम दोन तासांचं. पण ते दोन तास येण्याआधी रंग, पाऊस, गणपती आणि पलंगपोस यांना आपापला वेळ लागतोच.

दसऱ्याला साइट खुली व्हायची होती. ऐन वेळी संपर्काचा फॉर्म तपासला. नानांनी स्वतःच स्वतःला ‘दोन खोल्या पाहिजेत’ असं लिहिलं आणि दिवसभर उत्तराची वाट बघितली. ईमेल स्पॅममध्ये पडली होती. साइटने स्वतःहून धाडलेल्या ईमेलींचं असं बरेचदा होतं, त्यांना रीतसर मेल खात्यामार्फत पाठवायची सोय लावावी लागते. त्यात आणखी एक आठवडा गेला. दर, रद्द करण्याचे नियम अप्पांनी वाचून ‘ठीक’ म्हणेपर्यंत दुसरा. साडेतीन मुहूर्तांतले तीन उलटले, आणि दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे उरलेल्या अर्ध्यावर, काकूंच्या हातून बटण दाबून साइट खुली झाली. बाई गेली. तिच्या जागी चिऱ्याची भिंत, पडवी आणि खोचलेले चार कोपरे.

दुपारी नानांचा फोन. “गुगलवर आपलं नावच येत नाहीये.” मी वर गेलो. काम चालू असताना कुणी बघू नये म्हणून यूट्यूबवरच्या त्या पोराच्या सांगण्यावरून नानांनी एका चौकटीत खूण केली होती, `Discourage search engines from indexing this site`, आणि ती तशीच होती. खूण काढली. तरी नाव दिसायला काही दिवस जातात, कधी काही आठवडे. नानांनी दर दोन तासांनी शोधून बघण्याचं काम काकूंकडे दिलं.

मला मनापासून वाटतं की नानांनी स्वतः केलं ते उत्तम केलं. माझ्याकडून करून घेतली असती तरी पाऊस तेवढाच पडला असता आणि भाऊ तेवढेच भांडले असते. यंत्राचं काम माझ्या हातून लवकर झालं असतं एवढंच. पुढच्या वेळी मात्र (नानांच्या मुलीला शिवणाच्या क्लासची साइट हवी आहे) क्रम उलटा ठेवायचा, असं नानांनीच जाहीर केलंय: आधी वहीत सगळे प्रश्न आणि त्यांची ठरलेली उत्तरं, मग फोटो, आणि डोमेनला हात शेवटी. मुदत विचारली तर म्हणाले, “तीन महिने.” हा माणूस सुधारला आहे.

पहिला फोन भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नाशिकहून आला. बाई म्हणाल्या, “साइट बघितली हो, फार छान आहे. जरा खोल्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता का?” नानांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि पाठवले. मग बाईंनी विचारलं, “उकडीचे मोदक मिळतील का?” हे कुठल्याच पानावर नव्हतं. नानांनी अप्पांना लावला, अप्पांनी फोन वहिनींकडे दिला, आणि दहा मिनिटांत नानांनी स्वतः, कुणाचीही मदत न घेता, ‘नियम व दर’च्या खाली ओळ चढवली: मोदक हवे असल्यास आदल्या दिवशी सकाळी सांगावे, एकवीसपेक्षा कमी केले जाणार नाहीत. एकवीस हा आकडा वहिनींचा. त्यावर चर्चा झाली नाही.